आरसी सर्किटचा क्षणिक प्रतिसाद

रोधक (R) आणि कपॅसिटर (C) असलेल्या सर्किटमध्ये स्विच बंद किंवा उघडा केल्यानंतर, जुनी स्थिर अवस्था सुटून नवी येईपर्यंत व्होल्टेज आणि प्रवाह ज्या रीतीने बदलतात त्याला क्षणिक प्रतिसाद म्हणतात. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या आणि बीएस्सी भौतिकशास्त्राच्या परीक्षांत यावर बहुधा दोन प्रकारचे प्रश्न येतात. एकात प्रभारणाच्या समीकरणाची सिद्धता मागतात, दुसऱ्यात उदाहरण सोडवायचे असते. सिद्धता पाठ करून भागते. उदाहरणात मात्र गुण जातात, आणि ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: कालस्थिरांक काढताना R म्हणून नेमका कोणता रोध घ्यायचा हे ठरवलेले नसते.

एक कपॅसिटर आणि स्थिर डीसी स्रोत असलेल्या सर्किटमध्ये कपॅसिटरचे व्होल्टेज पुढील सूत्राने मिळते.

v(t) = V∞ + (V₀ − V∞) e^(−t/τ),  τ = RC

V₀ हे स्विचिंगच्या क्षणीचे आणि V∞ हे अखेरचे व्होल्टेज. प्रभारण आणि विप्रभारण यांची वेगळी सूत्रे लक्षात ठेवण्याची गरज नाही. दोन्ही यातूनच निघतात. कपॅसिटरचे व्होल्टेज एका क्षणात उडी घेऊ शकत नाही, कारण त्यासाठी अनंत प्रवाह लागेल. म्हणून स्विचिंगच्या आधीचे व्होल्टेजच नंतर लगेचचे V₀ असते. प्रवाहाला हे बंधन नाही, तो एकदम बदलू शकतो. V∞ काढताना कपॅसिटरची शाखा तुटलेली आहे असे मानतात. R म्हणजे कपॅसिटरच्या दोन टोकांवरून सर्किटकडे पाहिल्यावर दिसणारा थेवेनिन रोध. तो काढताना व्होल्टेज स्रोताच्या जागी शॉर्ट धरतात.

एक नमुना घेऊ. १२ व्होल्टचा स्रोत, त्याच्याशी एकसरीत स्विच आणि ३ किलोओहमचा रोधक, पुढे १०० मायक्रोफॅरडचा रिकामा कपॅसिटर आणि त्याला समांतर ६ किलोओहमचा रोधक. t = 0 ला स्विच बंद होतो. घाईत लिहिलेल्या उत्तरात अंतिम व्होल्टेज १२ आणि कालस्थिरांक ०.३ सेकंद येतो, म्हणजे समांतर रोधकाकडे लक्षच गेलेले नसते. प्रत्यक्षात अखेरीस दोन्ही रोधकांतून सारखाच प्रवाह वाहतो आणि कपॅसिटरवर १२ × ६/९ = ८ व्होल्ट राहतात. स्रोत शॉर्ट केल्यावर ३ आणि ६ किलोओहम समांतर होतात, त्यांचा रोध २ किलोओहम. किलोओहमला मायक्रोफॅरडने गुणले की उत्तर थेट मिलिसेकंदांत येते, म्हणून τ = २०० मिलिसेकंद.

v(t) = 8 (1 − e^(−t/0.2)) व्होल्ट

‘६ व्होल्ट केव्हा होतील?’ असे विचारल्यास e^(−t/0.2) = 0.25, म्हणून t = 0.2 ln 4, म्हणजे सुमारे ०.२७७ सेकंद. उत्तर पडताळायचे तर सुरुवातीचा प्रवाह पाहावा. रिकामा कपॅसिटर त्या क्षणी शॉर्टसारखा वागतो, म्हणून १२ व्होल्ट भागिले ३ किलोओहम, ४ मिलिअँपिअर. समीकरणावरून C dv/dt काढला तरी १०० मायक्रोफॅरड × ८/०.२ = ४ मिलिअँपिअरच येतात. चुकीच्या ०.३ आणि १२ या जोडीनेही हीच संख्या येते, त्यामुळे केवळ या पडताळणीवर विसंबू नये. V∞ स्वतंत्रपणे तपासावे.

खरी मेख पुढच्या उपप्रश्नात असते: ०.२ सेकंदाला स्विच उघडला तर? तेव्हा एक कालस्थिरांक पूर्ण झालेला असतो, म्हणून व्होल्टेज ८ च्या ६३.२ टक्के, म्हणजे ५.०६ व्होल्ट. आता ३ किलोओहमची वाट तुटली; विप्रभारण फक्त ६ किलोओहममधून होते आणि τ = ०.६ सेकंद होतो. त्याच कपॅसिटरचा भरण्याचा आणि रिकामा होण्याचा कालस्थिरांक वेगळा असतो. शिवाय घड्याळ नव्याने सुरू होते, म्हणून घातांकात t च्या जागी (t − 0.2) येतो. t = ०.५ सेकंदाला व्होल्टेज 5.06 e^(−0.3/0.6), म्हणजे ३.०७ व्होल्ट.

आलेखातही तीच काळजी लागते. प्रभारणाचा वक्र τ इतक्या वेळात अंतिम मूल्याच्या ६३.२ टक्क्यांवर आणि ५τ मध्ये ९९.३ टक्क्यांवर पोहोचतो. आरंभबिंदूवरची स्पर्शिका अंतिम मूल्याच्या रेषेला t = τ येथे छेदते. विप्रभारणाच्या प्रवाहाची दिशा उलट असल्याने त्याचा आलेख अक्षाच्या खाली काढावा.

प्रयोगशाळेत समांतर रोधक न जोडताही येऊन बसतो. स्टॉपवॉच वापरता यावे म्हणून १ मेगाओहम आणि १०० मायक्रोफॅरड घेतले की τ १०० सेकंद अपेक्षित असतो. पण कपॅसिटरला सतत जोडलेल्या डिजिटल मल्टिमीटरचा रोध १० मेगाओहम असेल, तर १० व्होल्टच्या स्रोतावर वक्र ९.०९ व्होल्टलाच सपाट होतो आणि τ सुमारे ९१ सेकंद येतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची गळतीही अंतिम व्होल्टेज आणखी थोडे खाली ओढते. अशा वेळी १० च्या ६३.२ टक्क्यांवर वेळ वाचली तर ती सुमारे १०८ सेकंद भरते. म्हणून ६३.२ टक्के स्रोताच्या व्होल्टेजचे न घेता, प्रत्यक्ष मोजलेल्या अंतिम व्होल्टेजचे घ्यावेत.