डोंगरावर केक का बसतो: ‘पाव चमचा कमी’ कुठून आलं

सात हजार फुटांवर केक करायचा असेल तर दर चमचा बेकिंग पावडरमागे पाव चमचा कमी घ्या, कपभर साखरेतून एक ते तीन मोठे चमचे साखर काढा आणि कपभर दुधात तीन-चार मोठे चमचे दूध वाढवा. उंचावरच्या बेकिंगची बहुतेक कोष्टकं थोड्याफार फरकाने हेच सांगतात. आकडे इतके नेमके, की कोणीतरी बसून मोजले असणार हे उघड आहे. ते मोजले गेले अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात.

उंचावर स्वयंपाक बिनसतो हे त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांना माहीत होतं. १८३५ मध्ये चार्ल्स डार्विन अँडीज पर्वत ओलांडत होता. वरच्या एका मुक्कामी बटाटे रात्रभर विस्तवावर राहिले, सकाळी पुन्हा उकळले, तरी शिजले नाहीत. त्याच्या सोबत्यांनी निदान केलं, की भांडं नवं आहे आणि त्याला बटाटे शिजवायचेच नाहीत. खरं कारण हवेच्या दाबात होतं. दर तीनशे मीटर चढलं की पाणी साधारण एक अंश कमी तापमानाला उकळतं, आणि उकळायला लागलं की त्याहून जास्त तापत नाही.

बटाटे निदान जास्त वेळ ठेवून शिजवता येतात. केकचं तसं नाही. अंडी फेसून त्यातल्या हवेवर केक फुगवण्याचा जमाना होता तोवर अडचण फारशी नजरेत येत नव्हती. फेटणारी बाई हाताच्या अंदाजाने कमीजास्त करायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डब्यातली बेकिंग पावडर घरोघरी पोचली आणि पाककृतींत चमच्यांची मापं ठरली. ती मापं समुद्रसपाटीजवळच्या शहरांत ठरवलेली होती. त्याच सुमारास, १८५८-५९ च्या सोन्याच्या शोधापासून, माणसं कोलोराडोच्या डोंगरांत वस्ती करत होती. डेन्व्हर सुमारे १,६०० मीटरवर, लेडव्हिल तर ३,००० मीटरच्याही वर. पूर्वेकडची पाककृती जशीच्या तशी केली, की केक भट्टीत आधी टम्म फुगायचा आणि मग मधोमध खड्डा पडायचा.

कोलोराडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या कृषी महाविद्यालयात गृहविज्ञान शिकवणाऱ्या इंगा ॲलिसन यांनी १९२० च्या दशकात हा प्रश्न प्रयोगशाळेत नेला. वेगवेगळ्या गावांत जाऊन केक करून पाहणं हा सरळ मार्ग, पण त्यात एक खोट होती. गाव बदललं की भट्टी बदलते, पीठ बदलतं, हवेतला ओलावाही बदलतो. मग केक बसला तो नेमका कशाने, हे कसं ओळखायचं? १९२७ मध्ये महाविद्यालयात एक पोलादी खोली उभी राहिली. तिच्यातल्या हवेचा दाब हवा तसा बदलता येई. तीच भट्टी, तेच पीठ, तोच हात, फक्त उंची वेगळी. मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते. १९३० पासून या कामातून पुस्तिका निघू लागल्या, आणि पुढे तयार केक-मिश्रणांच्या खोक्यांवरही उंचावरच्या सूचना छापून येऊ लागल्या.

आता तो पाव चमचा. २,१०० मीटरवर, म्हणजे सुमारे सात हजार फुटांवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ७८ टक्के असतो. तेवढाच वायू तिथे जवळजवळ ३० टक्के जास्त जागा व्यापतो. नेहमीइतकाच फुगवटा हवा असेल तर वायू एक चतुर्थांशाच्या आसपास कमी लागेल. कोष्टकातला पाव चमचा नेमका इथे येऊन बसतो. हा हिशोब तंतोतंत धरू नये मात्र. केक फुगवण्यात पावडरीबरोबर लोणी-साखर फेटताना कोंडलेली हवा आणि पाण्याची वाफही असते, आणि त्याही तितक्याच जोरात पसरतात. म्हणून अंड्याच्या पांढऱ्यावर उभ्या असलेल्या स्पंज केकमध्ये पावडर कमी करून काही साधत नाही. तिथे पांढरं कडक शिखरं येईपर्यंत न फेटता मऊ, वाकणाऱ्या शिखरांवर थांबावं लागतं.

द्रवाचं कोडं जास्त मजेशीर आहे. बसणाऱ्या केकमध्ये आणखी दूध घाला, हे ऐकायला उलटंच वाटतं. पण उंचावर बॅटरमधलं पाणी लवकर उडून जातं आणि मागे राहिलेल्या पाण्यात साखर दाट होते. साखर जितकी दाट, तितका मैद्यातला स्टार्च उशिरा, जास्त तापमानाला घट्ट होतो. वायूचे बुडबुडे तोवर ताणून फुटलेले असतात, त्यांच्याभोवतीची भिंत अजून ओलीच असते, आणि केक खाली येतो. वाढीव दूध ही दाटी पातळ करतं, कमी केलेली साखरही तेच काम करते. केक कोरडा न पडणं हा वरचा फायदा.

एक साधा केक घेऊ: दोन कप मैदा, एक कप साखर, अर्धा कप लोणी, दोन अंडी, एक कप दूध, दोन चमचे बेकिंग पावडर, भट्टी १८० अंशांवर. सात हजार फुटांवर पावडर दीड चमचा करा. साखरेतून दोन मोठे चमचे काढा, दुधात तीन मोठे चमचे घाला. भट्टी १९० वर ठेवा, म्हणजे बुडबुडे फुटायच्या आत भिंत घट्ट होईल, आणि पाच-सात मिनिटं आधीच सळई घालून पाहा. पहिल्या खेपेला एवढंच बदला. तरीही मध्ये खड्डा पडला, कडा टिनला चिकटल्या आणि आत मोठी भोकं दिसली, तर पावडर किंवा साखर अजून जास्त आहे. केक ठेंगणा राहून माथ्यावर तडकला तर पावडर गरजेपेक्षा जास्त कापली गेली. तळाशी ओलसर, चिकट पट्टा दिसला तर दूध जास्त झालं.

पावाला हे कोष्टक नीट लागू पडत नाही. तिथे यीस्ट स्वतःच वायू तयार करत राहतं आणि कमी दाबात मळलेला गोळा घड्याळाच्या खूप आधी दुप्पट होतो. पीठ पुरेसं आंबायच्या आत फुगून गेलं, की पावाला चव येत नाही. म्हणून यीस्ट पाव हिश्शाने कमी करतात, किंवा फुगलेला गोळा एकदा दाबून पुन्हा फुगू देतात. कोरड्या हवेत मैदा अधिक सुकलेला असतो, त्यामुळे पाणी मापाने न घालता गोळा हाताला मऊ लागेपर्यंत चमच्या-चमच्याने वाढवावं लागतं. पाव झाला का हे थर्मामीटरने पाहणाऱ्यांची मात्र इथे हमखास फसगत होते. समुद्रसपाटीच्या कृतीत आतलं तापमान ९८ अंश झालं की पाव काढा असं लिहिलेलं असतं. सात हजार फुटांवर पाणीच ९३ अंशांना उकळतं. आत ओलावा आहे तोवर काटा त्याच्या वर सरकत नाही, आणि ९८ ची वाट पाहणाऱ्याच्या हाती शेवटी वाळलेला पाव येतो.