पैसे आले, हे वेबसाइटला कळतं कसं?

एप्रिल-मेमध्ये देवगडचा एखादा बागायतदार स्वतःच्या वेबसाइटवरून हापूसच्या पेट्या विकतो. पडद्यावर क्यूआर कोड येतो, मुंबईचं गिऱ्हाईक पैसे भरतं आणि लगेच ‘ऑर्डर पक्की’ असं दिसतं. हे इतकं सरळ व्हायला बरीच वर्षं गेली.

यूपीआय आलं 2016 मध्ये. त्यात पैसे गिऱ्हाइकाच्या बँकेतून, यूपीआय चालवणारी संस्था एनपीसीआय हिच्यामार्गे, विक्रेत्याच्या बँकेत जातात. या वाटेवर वेबसाइट कुठेच नसते; क्यूआर फक्त पत्ता सांगतो. म्हणून पूर्वी गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवायचा आणि बागायतदाराने बँकेचे मेसेज बघून ताळा करायचा. सकाळी 1,500 रुपयांच्या पाच ऑर्डरी आल्या की कुठले पैसे कुणाचे, हा घोळ ठरलेला. शिवाय स्क्रीनशॉट खोटाही बनवता येतो.

त्यावर उपाय म्हणजे दर ऑर्डरीला वेगळा कोड:

```
upi://pay?pa=vikreta@bank&pn=Hapus&am=1500.00&cu=INR&tr=DG0417
```

यातला `tr` हा ऑर्डरीचा नंबर. व्यापारी खातं असेल तर व्यवहाराच्या नोंदीत तो नंबर राहतो आणि ‘DG0417 चं काय झालं?’ असं पेमेंट कंपनीच्या सर्व्हरला विचारता येतं. साध्या वैयक्तिक यूपीआय आयडीवर ही सोय मिळत नाही.

मग सगळे विचारतच सुटले, दर दोन-चार सेकंदांनी. एका दुकानापुरतं ते खपतं, पण वरच्या पातळीवर बँकाही तेच करत होत्या. 12 एप्रिल 2025 ला यूपीआय अडखळलं, तेव्हा काही बँकांकडून जुन्या व्यवहारांबद्दलही होणारा स्टेटस-चौकशीचा भडिमार हे एक कारण निघालं. त्यानंतर एनपीसीआयने बँकांना मर्यादा घातली: पहिली चौकशी 90 सेकंदांनी आणि दोन तासांत जास्तीत जास्त तीन.

म्हणून आता मुख्य भिस्त कॉलबॅकवर. पैसे जमा झाले की पेमेंट कंपनीच वेबसाइटच्या सर्व्हरला निरोप धाडते. पण तो पत्ता इंटरनेटवर उघडा असतो, कुणीही खोटा निरोप टाकू शकतं. त्यामुळे आधी निरोपावरची पेमेंट कंपनीची डिजिटल सही तपासायची, मग रक्कम. उत्तर वेळेत गेलं नाही तर तोच निरोप पुन्हा येतो. DG0417 आधीच पक्की असेल तर दुसऱ्यांदा पेटी निघता कामा नये. गिऱ्हाइकाच्या पडद्यावरचं पान मात्र अजूनही विचारतच असतं, पण आपल्याच सर्व्हरला, त्यामुळे बँकांवर भार पडत नाही.

आणि निरोप आलाच नाही तर? दीड मिनिटाने सर्व्हरने स्वतः एकदा विचारावं. उत्तर ‘पेंडिंग’ आलं, तर माझ्या मते पडद्यावर ‘पेमेंट फेल’ कधीच लिहू नये. ते वाचून गिऱ्हाईक पुन्हा पैसे भरतं, मागाहून पहिलेही जमा होतात आणि बागायतदाराला ऐन हंगामात 1,500 रुपये परत करत बसावं लागतं. ‘बँकेकडून खात्री व्हायची आहे, पुन्हा पैसे भरू नका’ असं लिहावं आणि पेटी तोवर राखून ठेवावी.