विमागणिती परीक्षा

मृत्यू, आजारपण, अपघात अशा अनिश्चित घटनांचा पैशांतला भार आधीच मोजणाऱ्या व्यावसायिकाला विमागणिती किंवा ॲक्च्युअरी म्हणतात. भारतात ही पात्रता इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया ही संस्था देते. १९४४ साली स्थापन झालेल्या ॲक्च्युअरिअल सोसायटीची जागा तिने २००६च्या कायद्यानुसार घेतली. नुसती गणिताची किंवा संख्याशास्त्राची पदवी असून विमागणिती होता येत नाही. आधी एसीईटी ही प्रवेश परीक्षा आणि मग संस्थेचे पेपर द्यावे लागतात. २०१९पासूनच्या रचनेत फेलो, म्हणजे पूर्ण पात्र विमागणिती, होण्यासाठी असे तेरा पेपर आहेत. बहुतेक जण ते नोकरी करता करता देतात, त्यामुळे बरीच वर्षे जातात.

या पेपरांत कोणते गणित असते, हे एका छोट्या हिशेबावरून कळते. एका वयाच्या १०,००० लोकांनी प्रत्येकी १० लाखांचा एक वर्षाचा विमा घेतला आणि वर्षभरात मृत्यू येण्याची शक्यता हजारात एक आहे, असे धरू. अपेक्षित मृत्यू १०, म्हणजे वर्षअखेर १ कोटी रुपये द्यावे लागतील. व्याजदर ६ टक्के असेल तर आज प्रत्येकाकडून सुमारे ९४३ रुपये घेतले की तेवढी रक्कम जमते. ही आकडेमोड सीएम-१ या पेपरातली. यात खर्च आणि नफा अजून धरलेला नाही.

आता वर्षअखेर १३ मृत्यू झाले, तर दर चुकला का? प्रमाण विचलन, म्हणजे अपेक्षित आकड्याभोवतीचा नेहमीचा चढउतार, सुमारे ३.२ असल्याने १३ हा आकडा योगायोगाच्या कक्षेत बसतो. १८ झाले, तर मात्र शंका घ्यायलाच हवी. आपण आजारी आहोत हे ठाऊक असलेल्यांनीच जास्त विमा घेतला असण्याची शक्यता असते. असा निर्णय घेणे सीएस-१ शिकवतो. या पेपराचा एक भाग संगणकावर ‘आर’ भाषेत सोडवायचा असतो.

गणिताची आवड असलेले विद्यार्थी इथवर सहसा अडत नाहीत. अडतात ते सीपी-१पाशी. तिथे समीकरणाऐवजी एखाद्या कंपनीची परिस्थिती दिलेली असते आणि धोके कोणते, उपाय कोणता, त्याच्या मर्यादा काय, हे लिहून मांडायचे असते. पाठ केलेले मुद्दे त्या परिस्थितीशी न जोडता उतरवले की गुण जातात. ही अट मला रास्त वाटते, कारण कंपनीच्या नियुक्त विमागणितीला आपला हिशेब संचालक मंडळाला समजावून सांगावाच लागतो.

ज्यांना संख्याशास्त्र हवे पण विमा नको, त्यांच्यासाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची भारतीय सांख्यिकी सेवा परीक्षा आहे. तिच्यात संख्याशास्त्राचे चार पेपर असतात, शिवाय इंग्रजी, सामान्य अध्ययन आणि मुलाखत.