गरोदरपणात कांजिण्यांचा संपर्क: फोडांची वाट पाहू नका

«पुतण्याला कांजिण्या आल्यात. मला चौथा महिना आहे. अंगावर फोड उठले तरच दाखवायचं ना?»

नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. कांजिण्या फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सर्व खपल्या धरेपर्यंत पसरतात. म्हणजे पुतण्याला सोमवारी फोड आले असतील, तर शनिवारी त्याच्यासोबत एकाच खोलीत काढलेला वेळही संपर्कच ठरतो. लहानपणी कांजिण्या नक्की येऊन गेल्या असतील किंवा लसीचे दोन्ही डोस झाले असतील, तर बहुधा काळजीचे कारण नसते. आठवत नसेल, तर रक्तातील आयजीजी प्रतिपिंडे, म्हणजे या आजाराविरुद्धचे आधीचे संरक्षण, तपासतात आणि अनेकींमध्ये ती आढळतात.

ती नसतील, तर संपर्कापासून दहा दिवसांच्या आत प्रतिपिंडांचे इंजेक्शन किंवा सातव्या दिवसापासून असायक्लोव्हिर हे विषाणूरोधक औषध देता येते, निवड डॉक्टरांची. फोड उठायला दहा ते एकवीस दिवस लागतात, त्यामुळे वाट पाहणाऱ्या स्त्रीची ही संधी हुकते. धोका मुख्यतः आईच्या न्यूमोनियाचा. बाळात व्यंग येण्याची शक्यता कमी, पण खरी आहे. लस जिवंत विषाणूंची असल्याने गरोदरपणात देत नाहीत.

गोवराच्या संपर्कानंतर इम्युनोग्लोब्युलिनसाठी, म्हणजे प्रतिपिंडांच्या इंजेक्शनसाठी, सहाच दिवस असतात. रुबेलाच्या संपर्कानंतर असा खात्रीचा प्रतिबंध नाही, म्हणून तिथे तातडीची रक्ततपासणी आणि गरोदरपणाचा नेमका आठवडा महत्त्वाचा.

फोड किंवा ताप आलाच, तर दवाखान्यात इतर गरोदर स्त्रियांमध्ये बसू नका. आधी फोनवर कळवा. दम लागल्यास थेट रुग्णालय गाठा.