लग्न जुळेपर्यंतच गोळी घेतो म्हणे!

माझं तालुक्याच्या गावी छोटंसं मेडिकल आहे. कापसाच्या चुकाऱ्याचे दिवस, म्हणजे दिवाळीनंतरची गोष्ट, एक 24 वर्षांचा पोट्टा डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आला, त्यावर केस गळतीची गोळी, फिनास्टेराईड 1 मिलिग्रॅम, रोज एक. गल्ल्यावर आजूबाजूला कोणी नाही पाहून हळूच म्हणतो, "भाऊ, उन्हाळ्यात लग्नाचं पाहून राह्यले घरचे, लग्न जुळेपर्यंत घेतो न मंग बंद करतो." म्हटलं थांब बापा, बस जरा.

घरी सगळे बोअरच्या खारट पाण्याला दोष देत होते. जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस चार-आठ दिवसांत गळले तेव्हापासून तर सगळ्यांना पाणीच आठवते, पण त्यात बायकापोरांचेही केस मुठीने गेले होते. याचं तसं नव्हतं. याचे दोन वर्षांपासून टाळूवरचे केस बारीक होत चालले होते, मागचे आणि कानावरचे मात्र जसेच्या तसे दाट, आणि बापाचंही टक्कल तसंच. हा प्रकार वेगळा. शरीरातलं टेस्टोस्टेरॉन एका एन्झाइममुळे डीएचटी नावाच्या जास्त कडक हार्मोनमध्ये बदलते, आणि टाळूवरची मुळं जन्मतःच त्याला नाजूक असली की दर खेपेला उगवणारा केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड येतो. फिनास्टेराईड त्या एन्झाइमला अडवते, रक्तातलं डीएचटी साधारण 70 टक्के खाली येते. मूळ गोळी 5 मिलिग्रॅमची, प्रोस्टेटसाठी, 1992 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, केसांसाठी 1 मिलिग्रॅमची 1997 मध्ये.

आता फायदा किती? टाळूवरचे केस जात असलेल्या तरुणांवर मोठी चाचणी झाली होती. दोन वर्षांनी ठरावीक जागेतले केस मोजले तेव्हा गोळी घेणाऱ्या 100 पैकी 83 जणांचे केस कमी झाले नव्हते, आणि औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांत असे फक्त 28. म्हणजे ही मुख्यतः गळती धरून ठेवणारी गोळी आहे, थोडे केस वाढतातही, पण गुळगुळीत झालेल्या जागी शेत पिकत नाही आणि कपाळाच्या कोपऱ्यांवर असर कमीच दिसतो. शिवाय पहिले तीन महिने काहीच दिसत नाही, उलट सुरुवातीला काहींचे केस जास्त गळतात, पोट्टे तिथंच घाबरून सोडतात. खरा हिशोब वर्षाने कळते. याने दिवाळीत सुरू केली तर मे महिन्यात सहा महिनेच होतात, पाहुणे पाहायला येतील तेव्हा गोळी आत्ता कुठं कामाला लागलेली असेल. आणि लग्नानंतर बंद केली तर डीएचटी परत वर येते, मिळालेलं सगळं साधारण वर्षभरात निघून जाते. म्हणजे लग्नाच्या फोटोत केस, अन् पुढच्या उन्हाळ्यात बायको विचारणार, "काहून हो, एवढे कमी कसे झाले?"

ज्या गोष्टीसाठी तो कुजबुजत होता ती पण सांगितली, कारण लपवून फायदा नाही. इच्छा कमी होणं, ताठरता कमी येणं, वीर्य कमी येणं, हे त्रास चाचणीत पहिल्या वर्षी 100 पैकी जवळपास 4 जणांना झाले, पण नुसत्या गोळीवाल्यांतही 2 जणांना झालेच. बहुतेकांचं बंद केल्यावर, काहींचं तर चालू असतानाच ठीक होते. काही थोड्या जणांनी मात्र गोळी सोडल्यावरही त्रास राहिल्याचं कळवलं आहे, आणि कोणाला होईल ते आधी ओळखता येत नाही, म्हणून मी ते हसण्यावारी नेत नाही. मन उदास होणं, जीव द्यावा असे विचार येणं हेही नोंदलेलं आहे. आधी कधी डिप्रेशन होऊन गेलं असेल तर गोळी सुरू करायच्या आधीच डॉक्टरला सांगायचं, आणि गोळीवर असताना असं काही वाटलं तर ती तिथंच थांबवून लगेच डॉक्टर गाठायचा. छातीत गाठ लागली तरी दाखवायचं.

स्वस्त पडते म्हणून 5 ची गोळी ब्लेडने चार तुकडे करून खाणारे आमच्याकडे बरेच आहेत. घरात पोटुशी बाई असेल तर हे धोक्याचं आहे, कारण फुटलेल्या गोळीची भुकटी तिच्या हाताला लागून अंगात गेली तर पोटातल्या मुलाच्या लिंगाच्या वाढीवर असर होऊ शकतो. अख्ख्या गोळीवर वरून थर असते, तिला हात लागला तर तसं भ्या नाही. याची वहिनी पाचव्या महिन्यात होती, म्हणून जास्त जोर देऊन सांगितलं. शिवाय गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर रक्तदान नाही.

पोट्टा बराच वेळ चिठ्ठीकडे पाहत बसला. मग विचारते, "म्हणजे चाळिशीपर्यंत रोज?" म्हटलं हो, केस पाहिजे तोवर. त्या दिवशी त्याने गोळी नाही घेतली. टाळूचा फोटो काढून ठेव म्हटलं, तीच भिंत, तोच बल्ब, कोरडे केस, अन् तीन महिन्यांनी परत तसाच काढ. होळीच्या आधी आला, दोन्ही फोटो दाखवले, टाळू उघडी पडत चालली होती. डॉक्टरकडे पुन्हा जाऊन आला होता. म्हणे, घरी सांगितलं, मुलीकडच्यांनाही सांगून टाकीन, द्या एक महिन्याच्या. अख्ख्या 1 च्याच द्या.