सॉफ्टवेअर परवाना कराराचे भाषांतर (बेळगाव सीमाभाग)

संगणकीय प्रणालीच्या स्वामित्वहक्कधारकाने वापरणाऱ्यास दिलेले हक्क आणि त्यांवर घातलेले निर्बंध यांचे मराठीत अर्थ न ढळता केलेले रूपांतर. प्रणालीचा स्रोत सर्वांना खुला ठेवणाऱ्या मुक्तस्रोत परवान्यांचाही त्यात समावेश होतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात अशा मजकुराला बहुधा दोन वाटा असतात: थेट इंग्रजीवरून मराठी, किंवा आधी तयार झालेल्या कन्नड मसुद्यावरून मराठी. कर्नाटक अधिकृत भाषा अधिनियम, 1963 नुसार कन्नड ही राज्यकारभाराची भाषा असल्याने पतसंस्था, वाचनालये आणि उद्यमबागेतील कारखाने यांच्याकडील कागद पुष्कळदा दुसऱ्या वाटेने मराठीत येतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः मुक्तस्रोत परवान्यातील हक्कदानाच्या कलमापुरती आहे.

संज्ञा. मराठीत ‘परवाना’ म्हणजे अधिकारपत्र आणि ‘परवानगी’ म्हणजे मुभा. दोन्ही शब्द फारसीतून आलेले आहेत. कन्नडात मात्र ‘परवानगी’ हाच शब्द अधिकारपत्रासाठी रूढ झाला असून मुभेसाठी ‘अनुमती’ वापरतात. वाहनचालकाचा परवाना तेथे ‘चालना परवानगी’ होतो. हा शब्द कन्नडात मराठी दप्तरी व्यवहारातून गेला की दख्खनीमार्गे स्वतंत्रपणे, याविषयी एकमत दिसत नाही. आदिलशाही आणि नंतरच्या मराठी अंमलातील दप्तरांची सरमिसळ पाहता पहिला पर्याय सीमाभागापुरता अधिक संभाव्य वाटतो, पण कालनिश्चिती ढोबळच राहते. शासकीय परिभाषेतील ‘अनुज्ञप्ती’ हा शब्द काटेकोर असला तरी दुकानदारालाही कळेल असा ‘परवाना’ येथे ग्राह्य धरला आहे.

दुसरा फसवा शब्द ‘उचित’ हा होय. कन्नडात त्याचा रूढ अर्थ ‘विनामूल्य’, तर मराठीत ‘योग्य’. दोन्ही शब्द एका ओळीत आले की घोटाळा पुरा होतो. कन्नड मसुद्यातील ‘उचित परवानगी’, म्हणजे फुकट मिळालेला परवाना, तशीच देवनागरीत उतरवली, तर मराठी वाचक ‘योग्य ती परवानगी’ असे वाचतो. ‘हे सॉफ्टवेअर उचित परवानगीने वापरता येईल’ या वाक्यातून दिलेला हक्क नाहीसा होतो आणि आणखी कोणाकडून तरी मंजुरी आणायची आहे असा समज होतो. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्याने ही चूक मुद्रितशोधनात सापडत नाही. इंग्रजी मूळ शेजारी ठेवून वाचले तरच ती दिसते.

हक्कदानाचे कलम. अत्यंत आखूड असल्याने एमआयटी परवाना उदाहरणासाठी सोयीचा आहे. त्याचा गाभा असा मांडता येतो: ‘खालील अटींच्या अधीन राहून, या सॉफ्टवेअरची व सोबतच्या दस्तऐवजांची प्रत मिळवणाऱ्या कोणाही व्यक्तीस या सॉफ्टवेअरबाबत निर्बंधाविना व्यवहार करण्याची परवानगी याद्वारे विनाशुल्क देण्यात येत आहे, वापरणे, प्रती काढणे, बदल करणे, अन्य प्रणालीत मिसळणे, प्रकाशित करणे, वितरित करणे, उपपरवाना देणे आणि/किंवा प्रती विकणे हे हक्क, यांपुरतेच मर्यादित न राहता, त्यात येतात, तसेच ज्यांना हे सॉफ्टवेअर पुरवले जाईल त्यांना तसे करू देण्याचा हक्कही त्यात येतो.’

येथे ‘परवानगी’ हाच शब्द बरोबर आहे, कारण मूळ मजकूर मुभेबद्दल बोलतो. दस्तऐवजाचे नाव मात्र ‘परवाना’. ‘यांपुरतेच मर्यादित न राहता’ हे शब्द अनुवादक पाल्हाळ समजून गाळतात. ते गेले की क्रियापदांची यादी उदाहरणादाखल न राहता बंदिस्त होते आणि यादीत नसलेली कृती दिलेल्या हक्काबाहेर पडते. ‘आणि/किंवा’ कानाला खटकते हे खरे, पण नुसते ‘आणि’ लिहिल्यास सर्व हक्क एकत्रच वापरायचे आहेत असा अर्थ काढण्यास वाव राहतो.

इंग्रजीत अटींचा निर्देश वाक्याच्या शेवटी येतो आणि मागील सर्व क्रियापदांना लागू होतो. मराठीत तो त्याच जागी, म्हणजे ‘पुरवले जाईल त्यांना’ या अंशाला चिकटून ठेवला, तर अटी फक्त पुढच्या ग्राहकांवर आहेत असे वाटू लागते. म्हणून तो वाक्यारंभी घ्यावा. क्रम बदलला तरी व्याप्ती तीच राहते, आणि कायद्याच्या मजकुरात जपायची असते ती व्याप्तीच.

अट आणि वचन. परवान्यातील एखादे बंधन हक्काची अट आहे की स्वतंत्र वचन, यावर उपाय ठरतो. अट मोडली तर हक्क सुटतो आणि वापर स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकतो. वचन मोडले तर केवळ करारभंग होतो. जेकबसन विरुद्ध कॅट्झर या प्रकरणात अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने 2008 साली हा भेद मुक्तस्रोत परवान्याला लावला. वाद खेळण्यातील रेल्वे चालवणाऱ्या प्रणालीचा होता आणि आर्टिस्टिक परवान्यातील ‘प्रोव्हायडेड दॅट’ या शब्दांवरून ती बंधने अटी आहेत असे ठरले. हा निर्णय भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाही, तथापि अनुवादकाला शब्दाचे वजन त्यातून कळते. ‘या अटीवर की’ असे लिहिले तर अट टिकते. ‘तसेच वापरणाऱ्याने मूळ सूचना ठेवावी’ असे सुटे वाक्य केले की ती वचनाकडे, किंबहुना विनंतीकडे झुकते. त्याच कारणाने ‘समाविष्ट केली जाईल’ हा भविष्यकाळ टाळून ‘समाविष्ट केलीच पाहिजे’ असे लिहितात.

मुदत व प्रदेश. अपाची परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीत (2004) हक्काला विशेषणांची माळच आहे. त्यातील ‘कालमर्यादा नसलेला’ आणि ‘मागे घेता न येणारा’ ही दोन विशेषणे ‘कायमचा’ या एका शब्दात कोंबू नयेत. मुदत नसलेला हक्कही मधेच काढून घेतला जाऊ शकतो. ‘विनाशुल्क’ व ‘स्वामित्वधनमुक्त’ यांचेही तसेच. नॉन-एक्सक्लुझिव्हसाठी ‘अनन्यसाधारण’ लिहिलेले आढळते, ते सर्वस्वी चूक. ‘अनन्य नसलेला’ असे म्हणावे.

भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम, 1957 च्या कलम 19 नुसार अभिहस्तांकनात, म्हणजे हक्क दुसऱ्याच्या नावे करून देताना, मुदत सांगितली नसेल तर ती पाच वर्षे मानतात आणि प्रदेश सांगितला नसेल तर भारतापुरता धरतात. कलम 30अ मुळे हे नियम आवश्यक फेरफारांसह परवान्यांनाही लागतात. त्यामुळे अपाचीतील ‘जगभर’ हा शब्द गाळणे महागात पडू शकते. एमआयटी परवान्यात मुदत वा प्रदेश दोन्ही नाहीत. त्यावर काय परिणाम होतो याबद्दल दोन मते संभवतात, पण अनुवादकाने आपल्या मनाने ‘कायमस्वरूपी व जगभर’ अशी भर घालणे हे तिसरे मत ठरते, आणि ते त्याच्या अधिकारात बसत नाही.

प्रमाण पाठ. जीएनयू जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याचे भाषांतर करण्यास फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची हरकत नाही, परंतु ते अनधिकृत असल्याचे आणि कायदेशीर अटी केवळ इंग्रजी मूळच सांगते हे त्यावर नमूद करावे लागते. याउलट युरोपीय संघाच्या ईयूपीएल परवान्याचे अनेक भाषांतील पाठ समान प्रमाण आहेत. मराठी अर्थातच त्यात नाही. म्हणून पतसंस्थेच्या हिशेब-प्रणालीसोबत मराठी पाठ देताना मूळ `LICENSE` फाइल जशीच्या तशी ठेवतात, भाषांतर वेगळ्या फाइलमध्ये देतात आणि स्रोतातील परवान्याचे नाव सांगणाऱ्या ओळखओळीला हात लावत नाहीत:

```
SPDX-License-Identifier: MIT
```

बंद परवाने. यांत हक्क थोडे व मनाई फार. ‘करू शकणार नाही’ ही रचना असमर्थता सुचवते, म्हणून ‘करण्यास मनाई आहे’ असे लिहावे. प्रणाली उलगडून पाहण्यास सरसकट मनाई असली तरी अन्य प्रणालीशी जोड साधण्यासाठी अधिनियमाच्या कलम 52(1)(कख) मध्ये मर्यादित सूट आहे. ती अनुवादात मिसळून मनाई सौम्य करू नये. फार तर टीप द्यावी आणि ती टीप अनुवादकाची आहे हे सांगावे.