खोडलेली भिंत फाइलमध्ये कुठे जाते?

मावशीच्या एकसष्टीचा फ्लेक्स करायचा होता. तिचा एक छान फोटो सापडला, घरातल्या फिकट निळ्या भिंतीपुढे उभी असलेला, कुरळे केस मोकळे सोडलेला. बॅकग्राउंड काढलं, मोबाइलवर सगळं नीट दिसलं, आणि फोटो चॅटवरून फ्लेक्सवाल्याकडे पाठवला. तासाभराने त्याने डिझाइन पाठवलं: मरून रंगाच्या फ्लेक्सवर मावशीभोवती पांढराशुभ्र चौकोन. "दादा, हा जेपीजी आलाय. पीएनजी पाठवा, आणि फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून," एवढंच तो म्हणाला. मी फाइलच्या नावातलं `.jpg` खोडून `.png` लिहिलं आणि पुन्हा पाठवली. चौकोन तसाच राहिला. तो का राहिला, हे समजून घ्यायला फोटोच्या आत जावं लागतं.

फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांचा, पिक्सेलचा पट. प्रत्येक पिक्सेलसाठी फाइलमध्ये तीन आकडे असतात: लाल, हिरवा आणि निळा रंग किती, हे सांगणारे, बहुतेक वेळा 0 ते 255 यांपैकी. या तीन आकड्यांनी कोणताही रंग लिहिता येतो. "इथे काहीच नाही" हे मात्र लिहिता येत नाही. तिन्ही 255 म्हणजे पांढरा, तिन्ही 0 म्हणजे काळा, आणि पांढरा व काळा हे दोन्ही रंगच आहेत. रिकामेपण नोंदवायला चौथा आकडा लागतो. त्याला अल्फा म्हणतात. अल्फा 255 असेल तर पिक्सेल पूर्ण भरीव, 0 असेल तर पूर्ण पारदर्शक.

हा चौथा आकडा रंगांच्या जोडीने कायमचा साठवावा, ही कल्पना 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कमध्ये एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ या संगणकशास्त्रज्ञांनी मांडली. एका चित्रावर दुसरं चित्र बसवताना दोघांचं मिश्रण किती करायचं, याच्या सूत्रात हे प्रमाण अल्फा या ग्रीक अक्षराने लिहीत. त्यावरूनच नाव पडलं.

म्हणजे आपण बॅकग्राउंड "काढतो" तेव्हा पिक्सेल कुठे जात नाहीत. चित्राची लांबी-रुंदी तेवढीच राहते, भिंतीच्या जागेवरचा अल्फा फक्त 0 होतो. स्क्रीनवर दिसणाऱ्या करड्या-पांढऱ्या चौकटी फाइलमध्ये नसतात. इथून आरपार दिसतं, हे कळावं म्हणून ॲप त्या मागे रंगवतं. इंटरनेटवरून "पारदर्शक" म्हणून उतरवलेल्या चित्रात त्याच चौकटी छापून आल्या, तर समजावं की कुणीतरी स्क्रीनचाच फोटो काढून ठेवलाय. खऱ्या पारदर्शक चित्राच्या मागे कुठलाही रंग ठेवला की तो रंग दिसतो. तपासायची सगळ्यात सोपी रीत हीच: चित्र एखाद्या गडद रंगावर ठेवून बघायचं.

आता केसांकडे या. भिंत पूर्ण जाते, चेहरा पूर्ण राहतो, पण सुटा एक केस पिक्सेलपेक्षा बारीक असू शकतो. अशा पिक्सेलमध्ये समजा 40 टक्के केस आणि 60 टक्के भिंत आहे. त्याचा अल्फा 40 टक्के, म्हणजे 102 हवा. फक्त हिरव्या रंगाचा आकडा धरून हिशेब करू. केसांचा 30, फिकट निळ्या भिंतीचा 215. कॅमेऱ्याने टिपलेलं मिश्रण झालं 12 अधिक 129, म्हणजे 141. आमच्या मरून रंगात हिरवा 0 होता. तेव्हा फ्लेक्सवर या पिक्सेलचा हिरवा आकडा 30 च्या 40 टक्के, म्हणजे 12 यायला हवा. पण साध्या कामात नुसता अल्फा बदलला जातो आणि रंग 141 च राहतो. त्याचे 40 टक्के होतात 56. गडद केसांच्या कडेला जी फिकट झालर दिसते ती हीच: केसांत अडकून राहिलेली भिंत. चांगलं सॉफ्टवेअर कडेच्या पिक्सेलमधून भिंतीचा वाटा वजा करून केसांचा मूळ रंग शोधतं. झालर दिसली तर फाइलच्या प्रकाराला दोष देऊ नये, ती कापणीतली चूक असते.

फाइलच्या प्रकाराचा प्रश्न त्यानंतर येतो. जेपीजी 1992 सालचं, छायाचित्रं कमी जागेत बसावीत म्हणून बनवलेलं. रोजच्या वापरातल्या जेपीजीत उजेडाचा एक आणि रंगछटांचे दोन असे तीनच थर असतात, अल्फाला जागाच नाही. "मग शुद्ध पांढरा म्हणजे पारदर्शक असं ठरवून टाका ना," असं वाटेल. तेही जमत नाही, कारण जेपीजी 8 गुणिले 8 पिक्सेलच्या तुकड्यांत बारकावे गाळत जातं आणि कडेजवळचा शुद्ध पांढरा शुद्ध राहत नाही. फाइल जेपीजी करताना ॲप बहुधा मागे पांढरा रंग भरतं. नुसता चौथा आकडा टाकून दिला, तर त्याखाली जो रंग असेल तो वर येतो. बहुतेकदा काळा, आणि कधीकधी चक्क मूळ भिंत. फाइलचं नाव बदलल्याने आतले आकडे बदलत नाहीत. म्हणून माझा तो खटाटोप वाया गेला. चॅटमध्ये "फोटो" म्हणून पाठवल्यावर बरीच ॲप्स चित्र लहान करून जेपीजी बनवतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवली की फाइल जशीच्या तशी पोहोचते.

जीआयएफमध्ये पारदर्शकता आहे, पण दिव्याच्या बटणासारखी, चालू किंवा बंद. त्यात 256 रंगांची यादी असते आणि त्यातला एक रंग "पारदर्शक" म्हणून नेमता येतो. आपला 40 टक्क्यांचा पिक्सेल तिथे एक तर पूर्ण राहणार किंवा पूर्ण जाणार. लोगो चालून जाईल, केस मात्र करवतीने कापल्यासारखे दिसतील.

1996 साली मानक म्हणून मान्य झालेलं पीएनजी अल्फाच्या 256 पायऱ्या ठेवतं आणि काहीही गाळत नाही. त्याची किंमत म्हणजे जडपणा: मोठ्या छायाचित्राची पीएनजी सहज जेपीजीच्या कित्येक पट होते. वेबपी इथे हुशारी करतं. रंग जेपीजीसारखे गाळून साठवतं, पण अल्फाचा थर वेगळा आणि न गाळता ठेवू शकतं. चॅटमधले स्टिकर बहुधा वेबपी असतात ते यासाठीच. एव्हीआयएफही अल्फा ठेवतं. छपाईच्या कामात पीएसडी आणि टिफ चालतात, मात्र टिफ साठवताना पारदर्शकता ठेवायची खूण करावी लागते. आमच्या फ्लेक्सवाल्याला पीएनजी पुरली.

एक गोष्ट मला मात्र फार उशिरा कळली. अल्फा 0 झालेल्या पिक्सेलचे तीन रंग फाइलमध्ये तसेच असू शकतात. भिंतीवरचं कॅलेंडर, मागे उभं असलेलं कुणाचं मूल, टेबलावरचं आधार कार्ड, सगळं डोळ्याला अदृश्य आणि फाइलमध्ये शाबूत. अल्फा परत 255 केला की ते दिसतं. सगळी ॲप्स असं करत नाहीत, बरीच ॲप्स तिथे काळा भरतात. पण कुणाला द्यायच्या फाइलमध्ये खात्री हवी असेल तर इमेजमॅजिक या मोफत प्रोग्रॅमने पूर्ण पारदर्शक पिक्सेलचे रंग काळे करता येतात. चित्र दिसायला तसंच राहतं:

```
magick mavshi.png -background black -alpha background svachchh.png
```

कडेच्या अर्धवट पारदर्शक पिक्सेलना ही आज्ञा हात लावत नाही. निळ्या भिंतीची झालर तिथे उरतेच, ती वेगळी काढावी लागते.